व्हाया संसद मार्ग

देणगी परदेशी की देशी, हे नोटेवरून ठरत नाही, देणाऱ्याच्या पासपोर्टवरून ठरते. परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० याची ही पहिली पायरी, आणि गावोगावच्या वाचनालयांचे ट्रस्ट नेमके तिच्यावरच घसरतात.

सातारा जिल्ह्यातल्या अशा एका गावच्या यात्रेला न्यू जर्सीचे दोन भाऊ येतात असे धरू. धाकट्याचा पासपोर्ट भारतीय, थोरला अमेरिकेचा नागरिक. दोघेही वाचनालयाला स्वतःच्या कमाईतले पाच-पाच हजार रुपये धनादेशाने देतात. बँक एक, शाखा एक. धाकट्याचे पैसे देशी. थोरल्याचे परदेशी, देताना त्याने फेटा बांधला असला आणि रक्कम रुपयांत असली तरी. ओसीआय कार्डावर व्हिसा वाचतो, दानधर्मात त्याचा उपयोग नाही. खजिनदार दोन्ही धनादेश एकाच खात्यात भरतो, पावत्या फाडतो आणि कायदा मोडून चहाला जातो.

थोरल्याचे पैसे रीतसर घ्यायचे तर केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी हवी. तिच्यासाठी संस्था निदान तीन वर्षांची असावी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. म्हणजे परदेशी पैशाची गरज सिद्ध करायला आधी त्याच्याविना भागवून दाखवायचे. नवख्या संस्थेला पूर्वपरवानगीचा मार्ग आहे: ठरलेला दाता, ठरलेली रक्कम, ठरलेले काम. नोंदणी पाच वर्षे टिकते.

नोंदणी झाली तरी पैसा थेट गावात उतरत नाही. २०२० च्या दुरुस्तीनुसार परदेशी देणगी फक्त भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, ११, संसद मार्ग येथेच जमा होते. त्यासाठी खजिनदाराला दिल्ली गाठावी लागत नाही. जवळची स्टेट बँक कागदपत्रे पुढे पाठवते. पैशाला मात्र ही सवलत नाही. थोरला आणि खजिनदार एकाच पारावर बसलेले असले, तरी त्यांच्यातले पाच हजार दिल्लीला जाऊन येतात. परतल्यावर ते गावच्या बँकेतल्या वापर खात्यात पडतात. या खात्यात परदेशातून थेट रक्कम घेता येत नाही. ती दिल्लीच्या खात्यातूनच यायला हवी.

दिल्लीच्या खात्यात वर्गणीचा देशी रुपया टाकणेही निषिद्ध, आणि परदेशी देणगीवर मिळणारे व्याजही परदेशीच. म्हणून गोंधळ पासबुकात लगेच दिसतो: वापर खात्यात दिल्लीखेरीज दुसऱ्या कुणाचे नाव जमेला आले, की काहीतरी चुकले. पैसा शेजारच्या गावच्या ट्रस्टला देऊन टाकण्याची वाटही २०२० पासून बंद आहे, आणि कार्यालयीन खर्च देणगीच्या २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

हिशेब दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ या अर्जात ऑनलाइन भरायचा. थोरला त्या वर्षी यात्रेला आलाच नाही, तर शून्य लिहून भरायचा.