झोपेची वही

लेक सात महिन्यांची झाली आणि रात्री उठायला लागली, तसं आमच्या घरात निदानांचं पेव फुटलं. आईच्या मते दृष्ट, बायकोच्या मते दात, माझ्या मते पंखा. एकाच संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, हिरड्या चोळून झाल्या आणि पंखाही एकवर आला. त्या रात्री ती झोपली असती, तर श्रेयावरून भांडणं झाली असती. ती झोपली नाही, म्हणून घर वाचलं.

डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर काहीही बदलू नका. नुसतं लिहा."

दुधाच्या हिशेबाची वही उलटी केली. रोज एक ओळ, ओळीत चोवीस चौकोन. झोपली की चौकोन पेन्सिलीनं भरायचा, जागी असली की कोरा. दूध पाजलं तिथे टिंब, रडली तिथे फुली. आडवं केलं कधी आणि डोळा लागला कधी, हे वेगळं. कडेला जागा : झोळी, मांडी की गादी. पाव तास इकडेतिकडे चालेल, पण नोंद तेव्हाच्या तेव्हा. सकाळी आठवून लिहिलं, की प्रत्येक रात्र 'रात्रभर जागी' होते.

पहिला धक्का इथेच बसला. मी ऑफिसात जिचं 'डोळ्याला डोळा नाही' असं वर्णन केलं, त्या रात्री ती तीनदा उठली होती आणि एकूण जागरण होतं पाऊण तासाचं. दिवसाच्या डुलक्या धरून झोप भरली तेरा तास. या वयाला बारा ते सोळा तास लागतात. म्हणजे झोप कमी नव्हती, भलत्या वेळी होती.

आठवड्याअखेर ओळी एकाखाली एक पाहिल्या. लशीचा दिवस तापाचा, तो बाजूला ठेवला. उरलेल्या सहांपैकी चार दिवशी संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात चौकोन काळे होते आणि कडेला 'झोळी'. त्या चारही रात्री आठला आडवी केलेली लेक झोपली साडेनवानंतर. ज्या दोन दिवशी शेवटची डुलकी साडेचारला संपली, त्या रात्री सव्वाआठलाच घर शांत. सहा दिवसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण आधी कुठे हात घालायचा ते कळतं.

साडेपाचला आईची मालिका लागते. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात झोळीची दोरी.

"आलं ना शेवटी माझ्या झोळीवर!" आई म्हणाली. पण डुलकी तिनंच अलीकडे ओढली. दुसरं काहीच बदललं नाही, पंखासुद्धा.

बायको अजून वही चाळत होती. "आणखी एक दिसतंय," ती म्हणाली. "रात्री अकरा ते पहाटे पाचच्या सगळ्या नोंदी एकाच अक्षरात आहेत."

ते अक्षर माझं नव्हतं.