केकची कचेरी

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या माणसाने निवृत्तीनंतर कोणता उद्योग करावा, या प्रश्नाचा निकाल आमच्या सौभाग्यवतींनी मला नोटीस न देताच लावून टाकला. बोईसरच्या आमच्या वसाहतीत त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी घरी केक करून विकतात. ओव्हन, साचे आणि क्रीम ही खाती त्यांनी स्वतःकडे ठेवली, आणि मोबाइलवरील व्हॉट्सअॅप बिझनेसचे दप्तर, म्हणजे जिन्नसांचा कॅटलॉग, आलेल्या मागण्यांची नोंद आणि बाकीची वसुली, माझ्या स्वाधीन केले. हे अॅप २०१८ साली आले, त्यात कॅटलॉग २०१९ मध्ये उघडला आणि २०२० च्या अखेरीस कार्टाची भर पडली. म्हणजे २०१४ साली जन्मलेल्या आमच्या पालघर जिल्ह्याहूनही ते वयाने धाकटे आहे. तथापि रकाने आखण्याची त्याची हौस पाहता, त्याचा जन्म एखाद्या जुन्या तहसिलीतच झाला असावा, असा मला दाट संशय आहे.

परंतु ज्या रकान्याची केकला सर्वाधिक गरज, तोच नेमका त्यात नाही. छायाचित्र, नाव, किंमत, वर्णन आणि जिन्नसाचा क्रमांक यांची सोय आहे. वजनाला स्वतंत्र जागा नाही. म्हणून प्रारंभीच्या यादीत 'पाइनॅपल केक, अर्धा किलो, ३५० रुपये' अशी एकच नोंद होती. पहिल्या मजल्यावरील वहिनींना चिरंजीवांच्या वाढदिवसासाठी एक किलोचा केक हवा होता, तेव्हा त्यांनी कोणीही सुज्ञ गृहिणी करील तेच केले: अधिकचे चिन्ह दाबून अर्ध्याचे दोन केले आणि कार्ट पाठवून दिले. माझ्यासमोर दाखल झालेला मजकूर असा: पाइनॅपल केक, अर्धा किलो, नग २, एकूण ७०० रुपये. आता याचा अर्थ सहा इंची साच्यातले दोन केक असाही होतो, आणि आठ इंची साच्यातला एक असाही होतो. रक्कम दोन्ही अर्थी बरोबर जुळते, आणि रक्कम जुळली की जगातला कोणताही कारकून पुढची चौकशी करीत नाही. सौभाग्यवतींनी मात्र साचा हाती घेण्यापूर्वी गॅलरीतून खाली आवाज दिला, "वहिनी, केक एक की दोन?" त्यावर उत्तर आले, "अहो, मुलगा एकच आहे!" तेव्हापासून प्रत्येक केकची अर्ध्या किलोची आणि एक किलोची नोंद निरनिराळी, प्रत्येकीचा क्रमांक निराळा आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत साच्याचे माप, असा दंडक घातला आहे. कॅटलॉगात पाचशेपर्यंत जिन्नस मावतात. त्यामुळे जागेच्या टंचाईची सबब कोणालाही सांगता येणार नाही.

कार्टाची दुसरी मर्यादा अशी की, काय हवे आणि किती हवे एवढेच ते सांगते. केव्हा हवे, केकवर नाव कोणते घालावयाचे आणि अंडे चालते की नाही, याविषयी ते संपूर्ण मौन पाळते. शिवाय एकदा रवाना झालेल्या कार्टात गिऱ्हाइकाला दुरुस्ती करता येत नाही, आणि ते पोचले म्हणजे पैसे आले असेही नव्हे. कचेरीच्या परिभाषेत तो केवळ अर्ज आहे, मंजुरी नव्हे. आता 'केव्हा' हा प्रश्न बोईसरात वाटतो तितका सोपा नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या गृहस्थाची 'संध्याकाळ' चार वाजता सुरू होते, मुंबईहून डहाणू लोकलने परतणाऱ्याची गाडी उतरल्यावर, आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाची संध्याकाळ तर मध्यरात्रीच्या सुमारास उगवते. स्पंज पूर्ण निवल्यावाचून त्यावर क्रीम लावता येत नाही, कारण गरम स्पंजावर ते वितळून खाली सरकते. आणि लावलेले क्रीम आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत फ्रीजबाहेर फार वेळ तग धरीत नाही. सबब, तास ठाऊक नसेल तर स्पंज केव्हा भाजावा हेही ठरत नाही.

यावर तोडगा म्हणून मी शीघ्र उत्तराची सोय वापरतो. प्रश्नांचा मसुदा एकदाच लिहून त्याला `/cake` असे छोटे नाव दिले की, संवादात तेवढीच अक्षरे टंकताच सबंध प्रश्नावली हजर होते: तारीख कोणती, घड्याळाचा तास कोणता, अंड्याचा की एगलेस, केकवर काय लिहावे, आणि न्यायला कोण येणार. मजल्यावरच्या मारवाडी कुटुंबासाठी तिसरा प्रश्न धर्माचा, तर मला तो निव्वळ प्रशासनाचा वाटतो. या पाच प्रश्नांना शेजारी बहुधा एकच उत्तर देतात, आणि ते म्हणजे 'हो'.

स्वागत-संदेशाचे प्रकरण याहूनही नाजूक निघाले. प्रथमच लिहिणाऱ्याला, अथवा ज्याच्याशी चौदा दिवस संभाषण झालेले नाही अशा माणसाने पुन्हा लिहिल्यास त्यालाही, हा संदेश आपोआप जातो. सौभाग्यवतींच्या पालघरच्या थोरल्या जाऊबाईंनी अबोल्याचा एक पंधरवडा संपवून मोठ्या मनाने "कशी आहेस गं?" असे विचारले, आणि त्यांना तत्क्षणी उत्तर मिळाले: आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत, कृपया कॅटलॉग पाहावा. पुढचा पंधरवडा कसा गेला, याचा तपशील येथे देत नाही. संदेश कोणाला जावा याची निवड सेटिंगांत असते, म्हणून तो केवळ संपर्कयादीबाहेरच्यांना जाईल असा बंदोबस्त केला. परंतु आमचे यच्चयावत गिऱ्हाईक शेजारचे, म्हणजे यादीतलेच, असल्याने हल्ली तो आदबशीर मजकूर कोणाच्याही वाट्याला येत नाही.

खरी मातब्बरी लेबलांची. नवी मागणी, पैसे येणे, पैसे पोचले, काम पूर्ण, अशा रंगीत चिठ्ठ्या संवादाला लावता येतात, आणि त्या गिऱ्हाइकाला दिसत नाहीत हा त्यांचा सर्वांत थोर गुण आहे. नाही तर सत्यनारायणाच्या प्रसादाला ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसावयाचे, त्यांच्या नावापुढे 'येणे' हा शेरा उघड झाला असता. दोष एवढाच की चिठ्ठी आपण काढीपर्यंत निघत नाही. शेजारी पैसे यूपीआयने देईल, जिन्यात रोख देईल, किंवा भाजीच्या हिशेबात वळते करून घेईल. लेबलाला यातले काहीच कळत नाही. म्हणून रोज रात्री 'पैसे येणे' या लेबलाखालची यादी उघडून ती बँकेच्या जमेशी आणि सौभाग्यवतींच्या स्मरणशक्तीशी ताडून पाहावी लागते. दोहोंत तफावत आढळल्यास स्मरणशक्तीचा आकडा ग्राह्य धरण्याची प्रथा आहे.

राहता राहिली मंजुरी. मागणीचा सारा तपशील मी एका संदेशात पुन्हा लिहून पाठवितो: केक, साचा, तारीख, तास, नाव, आगाऊ रक्कम. त्यावर बहुतेकांकडून पिवळा अंगठा येतो. माझ्या नोकरीच्या काळी अंगठा ही पक्की सही होती, साक्षीदार असला की त्यावर जमिनी फिरत. या अंगठ्याचा अर्थ मात्र 'वाचले', 'मान्य', 'नंतर पाहतो' आणि 'आता पुरे करा' असा चहूबाजूंनी निघतो. म्हणून आमच्या दप्तरात त्याची आवक नोंद होते, पण निम्मी रक्कम जमा होईपर्यंत ओव्हनचे बटण फिरत नाही. या नियमाला अपवाद फक्त वहिनींच्या चिरंजीवांचा, आणि तोही माझ्या हुकमाने नव्हे, वरिष्ठांच्या.