लाडवातला लसूण

आषाढीच्या वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला आली, की गावातला प्रत्येक माणूस कशात ना कशात तरी पुढे असतो. कुणी चहा वाटतो, कुणी पायांना तेल लावून देतो, कुणी नुसताच माइकवर असतो. गेल्या वर्षी मी लाडू केले. बेसनाचे, साजूक तुपातले, एकशे एक. बायकोने 'एकशे एक कशाला, शंभर चालतील की' असं म्हटलं तेव्हा मी तिला मंगलसंख्येवर छोटंसं व्याख्यान दिलं. तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवल्यामुळे छोटं व्याख्यान मला जमत नाही, हा भाग वेगळा.

लाडू मोठ्या स्टीलच्या डब्यात भरले. झाकणाला रबरी रिंग असलेला, हवाबंद. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा मी स्वतः खांद्यावर घेऊन दिंडीच्या राहुटीत गेलो. दुसऱ्या कुणाला उचलू दिला नाही, कारण फोटो निघत होते. राहुटीत सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या, गळ्यात तुळशीची माळ. मी झाकण उघडून लाडू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, क्षणभर थांबल्या, आणि परत माझ्या हातावर ठेवून हात जोडले.

"माउली, राग नका मानू. तुमच्या डब्यात लसूण नांदून गेलाय."

मी लाडू हुंगला. मला कसलाही वास आला नाही. शेजारच्या दोन वारकऱ्यांनी हुंगला, त्यांना आला. फोटो काढणाऱ्या मुलाने मोबाईल खिशात घातला.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, त्या डब्यात उन्हाळाभर लसणाची चटणी होती. मी घासून ठेवला होता, पण त्याच्यात लाडू भरणार हे तुम्ही मला कुठे विचारलंत?"

आता माझ्या नाकाची बाजू मांडतो. ज्या गावात हंगामात कांद्याचे लिलाव चालतात, आधी हळवा येतो, मग गरवा येतो, आणि ट्रॅक्टरच्या मागे ट्रॅक्टर उभा राहतो, त्या गावातल्या नाकाला कांदा-लसूण हा वास वाटतच नाही. ती हवा आहे. नाक एकाच वासात राहिलं की थोड्या वेळात त्याची नोंद घेणंच सोडून देतं. म्हणून स्वयंपाक केलेल्या माणसाने स्वतःचे हात हुंगून 'गेला वास' असं जाहीर करणं म्हणजे आरोपीने स्वतःचा जामीन मंजूर करणं. हे मी मुलांना शिकवत आलो आणि स्वतः विसरलो. आजींच्या पोटात किती वर्षं लसूण गेला नव्हता कोण जाणे. त्यांचं नाक कोऱ्या पाटीसारखं होतं.

पण शास्त्राच्या मास्तराला लाडू परत येतो म्हणजे काय! मी चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मी, सचिव मी. संशयित तीन: माझे हात, कारण आदल्या दुपारी घरच्या आमटीचा लसूण मीच सोलला होता, लाकडी चॉपिंग बोर्ड, कारण भाजलेलं बेसन निवायला मी त्याच्यावरच पसरलं होतं, आणि डबा.

आधी हात. अखंड लसणाला फारसा वास नसतो. वास तयार करणारी दोन द्रव्यं पाकळीच्या पेशीत वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, आपण पाकळी ठेचली की मधली भिंत पडते, दोघं भेटतात आणि ॲलिसिन तयार होतं. त्यातून पुढे गंधकाची जी पिलावळ निघते ती तेलात विरघळते, पाण्यात जेमतेम. म्हणून नुसत्या पाण्याने हात कितीही धुवा, ती हलत नाही. एवढंच नाही, ती कातडीतून आत शिरते. तळपायाला कापलेली पाकळी चोळून बसलं तर काही वेळाने तोंडात लसणाची चव येते. मी करून पाहिलंय. बायको त्या दिवशी चुलत सासूबाईंना फोन करून बराच वेळ हळू आवाजात बोलत होती.

तेव्हा तेलातलं तेलानेच काढायचं. चमचाभर गोडेतेल आणि चिमूटभर मीठ तळहातावर घेऊन अर्धा मिनिट चोळायचं, नखांच्या कडांना जास्त, कारण वास तिथेच दडतो. त्यावर कोरडं बेसन चोळायचं, ते तेल पिऊन घेतं. मग साबण. सोलायच्या आधीच बोटांना तेलाचं बोट लावलं असेल तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. लिंबू चोळतात लोक. त्याने लिंबाचा वास वर बसतो आणि कापलेल्या बोटाला झोंबतं, याहून फार काही होताना मला दिसलं नाही. आणि स्टीलच्या चमच्यावर बोटं घासली की वास जातो, हा हल्लीचा मोठा मंत्र. मी उजवा हात नळाखाली स्टीलच्या चमच्यावर घासला, डावा तितकाच वेळ लाकडी उलथण्यावर, आणि बायकोला डोळे मिटून हुंगायला लावलं. तिने दोन्ही हात सारखेच नापास केले. मग म्हणाली, "आता मी डोळे उघडू का, दूध उतू चाललंय."

इथे मला कांदेनवमीबद्दल बोललं पाहिजे. खरं तर बोललं पाहिजे असं काही नाही, पण मला आवडतं. आषाढ शुद्ध नवमी, एकादशीच्या दोन दिवस आधी. चातुर्मास पाळणारे पुढचे चार महिने कांदा-लसणाला शिवत नाहीत, म्हणून त्या दिवशी त्यांना मनसोक्त निरोप द्यायचा. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांदा घातलेलं भरीत, लसणाची चटणी, वरून तोंडी लावायला बुक्कीने फोडलेला कच्चा कांदा. आता गंमत बघा. पालखी लोणंदला असते तेव्हा नवमीला अजून बरेच दिवस असतात. म्हणजे माळ घातलेले, कांदा-लसूण न खाणारे वारकरी कांद्याच्या गावात राहून पुढे तरडगाव-फलटणकडे जातात, आणि त्यांच्या मागे आम्ही कांदेनवमीची तयारी करतो. आमच्या घरात चातुर्मास कुणीच पाळत नाही, म्हणजे निरोप कुणालाच द्यायचा नाही. तरीही कांदेनवमी आम्ही कधी चुकवत नाही. न जाणाऱ्या पाहुण्याला दरवर्षी स्टेशनपर्यंत सोडून यायचं आणि त्याच्याच हाताला धरून परत आणायचं, असा हा सण. माझा एक मित्र भज्यांच्या ताटाला नमस्कार करतो आणि दशमीला सकाळी कांदापोहे खातो. त्याला मी कधी हसत नाही, कारण ते पोहे आमच्याच घरचे असतात.

असो. आयोगाचं काम तुंबलं.

बोर्डाची चौकशी सोपी निघाली. लाकडावर सुरीचे चरे पडतात, चऱ्यांत रस बसतो. वास गेला की नाही हे कोरड्या बोर्डावर कळत नाही. त्यावर पेलाभर कढत पाणी ओतायचं आणि लगेच हुंगायचं, उबेने लपलेला वास वर येतो. आमच्या बोर्डाने पहिल्याच पेल्याला कबुली दिली. खडे मीठ पसरून अर्ध्या लिंबाने चोळलं, दहा मिनिटांनी खरवडून काढलं, बोर्ड गार पाण्याने धुतला आणि उन्हात उभा करून वाळवला. इथे लिंबाला मी मान देतो, निदान मीठ खरडायला मूठ म्हणून. दोनदा करूनही चऱ्यांतला वास राहिला, तेव्हा पॉलिश कागदाने वरचा थर घासून काढला. कापायच्या आधी बोर्ड ओला करून घेतला तर लाकूड पाणी पितं आणि रसाला जागा कमी उरते. माझी आई विळीवर चिरायची. विळीला बोर्ड लागत नाही.

आईचं नाव निघालं म्हणून सांगतो. ती हंगामात कांदा काटणीला आणि निवडायला जायची. गोल्टी वेगळी, मोठा वेगळा, सडका बाजूला, दिवसभर. संध्याकाळी मोरीत बसून चुलीतल्या राखेने हात घासायची, कोपरापर्यंत. मी तेव्हा तिसरीत असेन. एकदा तिने घास भरवताना मी तोंड फिरवलं आणि म्हणालो, हाताला वास येतो. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून निवडून आली की मला चमच्याने भरवायची. आमच्या घरात चमचा एकच होता, औषधाचा. कांद्याचा भाव पडला की बोंबलणारे आणि चढला की रडणारे खूप आहेत. निवडणाऱ्या बाईच्या हाताचं काय, हे मला कुणी विचारलेलं आठवत नाही. एसटीत तिच्या शेजारची जागा सोडून उठणारे मात्र आठवतात. त्यातले काही भज्यांचे शौकीन होते.

तर डबा. स्टील वास पीत नाही. एवढं शास्त्र मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी डब्यावर संशय घ्यायला तयार नव्हतो. डबा साबणाने घासला, कढत पाण्याने धुतला, उन्हात वाळवला. मग परीक्षा. स्निग्ध पदार्थ वास ओढून घेतो, लाडवाने तेच केलं होतं. म्हणून वाटीत चमचाभर साजूक तूप घेऊन ती डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. सकाळी तूप पुतणीकडे नेलं. ती पुण्याहून नुकतीच आली होती, नाक ताजं होतं. म्हणाली, "काका, हे फोडणीचं तूप आहे का?"

दुसऱ्या रात्री तोच डबा, तेच झाकण, फक्त रबरी रिंग काढली आणि झाकणाची दुमडलेली कड जुन्या टूथब्रशने आतून घासली. त्या कडेतून लाल तेलकट मळ निघाला. सकाळी तुपाला तुपाचाच वास. तिसऱ्या रात्री फक्त रिंग वाटीशेजारी ठेवली आणि दुसऱ्या स्वच्छ डब्यात बंद केली. सकाळी पुतणीने वाटी लांबूनच ओळखली.

म्हणजे गुन्हेगार सापडला. ती रिंग चटणीच्या तेलाबरोबर वास आत ओढून घेते आणि नंतर सवडीने सोडत राहते. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवली, चार दिवस उन्हात टाकली. वास कमी झाला, गेला नाही. घरात पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच होतं, ते मी हातात घेतलं होतं. बायकोने काढून घेतलं. बरं झालं, नाहीतर मी ते डब्यातही ओतलं असतं. त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि मग त्या खड्ड्यांत खरोखरच वास बसतो.

भांड्यांच्या दुकानातून नवी रिंग आणली. लाडवाच्या डब्याला ती, आणि त्या डब्यात आता चटणी जाणार नाही असा ठराव झाला. ठराव बायकोने मांडला, मी अनुमोदन दिलं. रिकाम्या डब्यांची झाकणं आता लावून ठेवत नाही, उघडीच असतात.

यंदा लाडू एकशे एकच केले. भरायच्या आधी तुपाची वाटी रात्रभर डब्यात ठेवून पुतणीला मुद्दाम बोलावून घेतलं. त्या आजी दिसल्या नाहीत, दिंडीतल्या दुसऱ्या एकीने लाडू खाल्ला आणि विचारलं, "वेलदोडा विसरलात का?"

जुनी रिंग मी टाकलेली नाही. ती चटणीच्या डब्याला बरोब्बर बसते.