शुभेच्छुक : पतिराज

बायकोला पीएचडी मिळाली की सगळ्यात आधी फ्लेक्सवाल्याचं भलं होतं. आमच्या सोसायटीतल्या एका पतिराजांनी गेटवर असा भला थोरला फ्लेक्स लावला. त्यात कोपऱ्यात पासपोर्टएवढी बायको, मधोमध हात जोडलेले स्वतः आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्खं मित्रमंडळ. प्रबंधाचा विषय म्हणून 'समाजशास्त्र' एवढंच छापलेलं. विषय विचारला असता तर सरप्राइज फुटलं असतं, असं त्यांचं म्हणणं! यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला जास्तीत जास्त 6 वर्षं मिळतात, स्त्रियांना वर आणखी 2. एवढ्या काळात विषय कानावर पडू न देणं हीसुद्धा एक साधनाच म्हणायची.

मौखिक परीक्षेचा दिवस म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांनाच ठाऊक. बाहेरगावच्या परीक्षकांची सोय, स्लाइड, सामोसे, पेढे, सगळं उमेदवारानंच बघायचं आणि मधल्या वेळात प्रश्नांची उत्तरंही द्यायची. फ्लेक्सवरच्या बाई संध्याकाळी घरी आल्या त्या आडवं व्हायला. दार उघडलं, दिवे लागले, कागदी फटाका फुटला आणि सोफ्यामागून तीस माणसं उठली. बाईंनी पदर खोचला आणि चहाचं आधण ठेवलं. दारावर 'डॉ.'ची पाटीही ठोकून झाली होती. मौखिक परीक्षेनंतर विद्यापीठाची अधिसूचना निघावी लागते, हे पाटीवाल्याला कोण सांगणार?

सी विंगमधल्या गृहस्थांची बायको भाजी विकणाऱ्या बायकांवर काम करत होती. परीक्षेच्या संध्याकाळी त्यांनी तिचा फोन बंद केला, वरणभात लावला आणि तिला झोपू दिलं. मग रविवारी दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, ते तिला मंडईत घेऊन गेले. तिथली एक मावशी प्रबंधात 'शांताबाई' या नावानं आहे. माहिती देणाऱ्यांची खरी नावं छापायची नसतात म्हणून. पण गृहस्थांना खरं नाव माहीत होतं, कारण इतकी वर्षं मेथीची जुडी आणायला तेच जात. मावशीला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मावशीनं पोत्यावर बसवून तिची ओटी भरली. गृहस्थांनी प्रबंधातली मावशीच्या हिशेबाची दोन पानं वाचून दाखवली. मावशीनं त्यातली हमालीची एक चूक काढली, जी परीक्षकांनाही सापडली नव्हती. आणि नाव गुप्त ठेवायचं, म्हणून फोटो नाही, स्टेटस नाही. खर्च अर्धा किलो पेढे.

असल्या समारंभात शुभेच्छुकांची सोयच नाही, हा त्यातला मोठा दोष. म्हणून फ्लेक्सची प्रथा चालूच राहील. तेव्हा पतिराजहो, छापायला टाकण्याआधी विषय तेवढा विचारून घ्या. आणि तीस माणसं बोलावणारच असाल, तर साखरेचा डबा कुठे आहे तेही आदल्या दिवशी बघून ठेवा.