शाखा, मुळे आणि शेजारधर्म : एका पत्रप्रकाराचा अभ्यास

प्रेमपत्रे आणि राजकीय खलिते यांना मराठीत जी प्रतिष्ठा लाभली, ती कुंपणभिंतीच्या पत्राला कधीच लाभली नाही. वस्तुतः जालना शहरातील नव्या-जुन्या वसाहतींत हाच पत्रप्रकार सर्वाधिक पोटतिडिकीने लिहिला जातो. त्याचे रूढ स्वरूप असे की, पहिल्या ओळीत ‘सप्रेम नमस्कार’ असतो, दुसऱ्या ओळीत शेजाऱ्याच्या कडुलिंबाची पाने पाण्याच्या टाकीत पडत असल्याची तक्रार असते, तिसऱ्या ओळीत त्याच कडुलिंबाच्या मुळांनी भिंत फोडल्याचा आरोप असतो, आणि चौथ्या ओळीत ‘कायदेशीर कारवाई’ हे शब्द अशा सहजतेने येतात की नमस्कारातले प्रेम नेमके कोठे संपले हे सांगता येत नाही. फांदी आणि मूळ ही एकाच झाडाची दोन टोके असली तरी त्यांचे प्रश्न भिन्न आहेत, एवढे भान या पत्रात सहसा आढळत नाही.

फांदीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. इंग्लंडमधील लेमन विरुद्ध वेब या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये असे ठरवले की, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीवर आली असेल, तर पलीकडच्या जमिनीत पाऊल न टाकता ती हद्दीपर्यंत छाटता येते, आणि त्यासाठी आगाऊ सूचना देण्याचेही बंधन नाही. हा निकाल ऐकून कोयता शोधू लागणाऱ्या गृहस्थाने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. छाटलेली फांदी आणि तिच्यावरील फळ ही झाडाच्या मालकाचीच राहतात. त्यामुळे शेवग्याची फांदी छाटण्याचा हक्क सांगून शेंगांची आमटी करणे या तत्त्वात बसत नाही. दुसरे असे की, महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि त्यात झाड तोडणे या संज्ञेत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. म्हणजे अंगणातील झाडांना त्यांच्या नकळत सरकारी संरक्षण मिळालेले असते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा मानही दिला. जालन्याच्या नगरपालिकेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, तरी कडुलिंबाला त्याची बातमी लागली नसावी. छाटणीपूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज करण्याचे शहाणपण मात्र जसेच्या तसे शिल्लक आहे. या अर्जावर दोन्ही घरांच्या सह्या असल्या, तर झाड कोणाचे आणि तक्रार कोणाची हा पहिला वाद कार्यालयात पोचण्याआधीच मिटतो.

मुळांचा प्रश्न याहून खोल आहे, आणि येथे पत्रलेखकाचा सात्त्विक संताप बहुधा चुकीच्या आरोपीवर बरसतो. मूळ हे पहार नव्हे. चांगल्या पायाच्या भिंतीत ते भोक पाडत नाही, तर आधीच पडलेल्या भेगेत किंवा उथळ पायाखाली शिरते आणि तेथे जाड होत जाऊन हलक्या भिंतीला ढकलते. जालना परिसरात बऱ्याच ठिकाणी असलेली काळी माती याशिवाय आपला स्वतंत्र खेळ खेळते, कारण ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. झाड मुळांवाटे तिच्यातील ओलावा ओढून घेते, त्यामुळे उन्हाळ्यात झाडाजवळची माती इतर जागेपेक्षा अधिक आकसते, पाया एका बाजूला खचतो आणि भिंत तडकते. मात्र झाड नसतानाही काळ्या मातीवर दीड फूट पायाची भिंत तडकतेच, आणि त्या वेळी आरोप करायला शेजारी उपलब्ध नसल्याने मालक तो दोष गवंड्याकडे वळवतो.

मुळाचा धक्का आणि मातीचे आकसणे यांतला फरक ओळखता येतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून, शेजारी तारीख लिहून, त्यांच्यातील अंतर मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरात मोजावे. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी, बहुधा तिरकी जाणारी भेग ही मातीच्या आकसण्याची असते. उलट भिंत जमिनीलगत फुगली असेल, झाडापासून दूर कलली असेल आणि हे चित्र ऋतुमानाप्रमाणे बदलत नसेल, तर मुळाचा धक्का संभवतो, त्याची खात्री पायालगत हातभर खड्डा खणून करता येते. या खड्ड्यात मूळ सापडलेच नाही, तर पत्र पाठवण्याचा विचार रहित करावा, हा सल्ला जितका शास्त्रीय तितकाच अव्यवहार्य आहे, कारण तोवर मजकूर तयार झालेला असतो. ‘झाडच काढून टाका’ अशी मागणी करणाऱ्याने हेही जाणावे की, मोठे झाड गेल्यावर मातीत ओलावा परत साचतो, ती फुगते, आणि जी भिंत खचत होती ती आता उचलली जाते.

उदाहरणादाखल असे समजावे की, कडुलिंबाच्या खोडाचा व्यास ४० सेंटिमीटर आहे आणि ते भिंतीपासून दीड मीटरवर उभे आहे. खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत जाड मुळे तोडू नयेत आणि शक्यतो पाचपट अंतर राखावे, असा वृक्षतज्ज्ञांचा ढोबळ आडाखा आहे, कारण झाड याच मुळांवर तोल सांभाळते. येथे तिप्पट म्हणजे १ मीटर २० सेंटिमीटर, तर पाचपट म्हणजे २ मीटर. तेव्हा भिंतीलगत, झाडाच्या फक्त एकाच बाजूला, साठ ते नव्वद सेंटिमीटर खोल चर खणून मुळे करवतीने स्वच्छ कापणे हे चालण्याजोगे पण नाइलाजाचे काम ठरते. हेच झाड भिंतीपासून एक मीटरवर असते, तर मुळाला हात न लावता तेवढ्याच भागातील भिंत उतरवून मुळाच्या दोन्ही अंगांना पाये घ्यावे लागले असते आणि त्यांवर आडवी तुळई टाकून मूळ तिच्याखालून मोकळे जाऊ द्यावे लागले असते. ज्या हंगामात मुळे कापली, त्याच हंगामात फांद्याही भरमसाट उतरवल्या, तर झाडावर दुहेरी आघात होतो. म्हणून एका वेळी पर्णसंभाराच्या चतुर्थांशाहून अधिक छाटणी करू नये. फांदी छाटताना ती खोडाला जेथे मिळते तेथील फुगीर गोट न कापता त्याच्या बाहेरून काप घ्यावा, कारण जखम भरून येण्याचे काम तोच गोट करतो.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर पत्र अर्ध्या पानात मावते. त्यात मे आणि सप्टेंबरच्या मोजमापाचे दोन आकडे असावेत, छाटणीचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करावा, चर खणण्याचा खर्च भिंतीच्या मालकाने आणि परवानगीची धावपळ झाडाच्या मालकाने करावी, लाकूड झाडाच्या मालकाकडे जावे, असा प्रस्ताव असावा. ‘माझी भिंत’ हा शब्दप्रयोग मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यावर शेजारी ‘मग मोजणी करून घेऊ’ असे उत्तर देऊ शकतो, आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीत भिंतच चार बोटे पलीकडे निघाली, तर झाडाचा प्रश्न आपोआप गौण होतो. ‘कुंपणभिंत’ एवढेच लिहिणे सर्वथा सुरक्षित असते.

उरला छाटणीच्या वेळेचा मुद्दा, आणि त्याबाबत पत्रलेखक नेहमीच संदिग्ध राहतो. तो जिच्याविरुद्ध तक्रार करतो, तीच फांदी गुढीपाडव्याला त्याच्या गच्चीवर हाताशी येते आणि गुढीला बांधायची डहाळी तिचीच निघते, ही गोष्ट शेजाऱ्याला ठाऊक असते. म्हणून छाटणी पाडव्यानंतर आणि पावसाळ्यापूर्वी करावी, घरटे आढळल्यास ती फांदी पिल्ले उडेपर्यंत राखावी, असे कलम पत्रात घातले जाते, आणि संपूर्ण पत्रातले हे एकच कलम दोन्ही पक्ष चर्चेविना मान्य करतात.