अर्धा मार्क कुठे गेला, ते सांगा

दहावीची पूर्वपरीक्षा संपली की वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आदर्श उत्तरांची पीडीएफ येऊन पडते. सोबत एक ओळ असते: आपापली उत्तरं ताडून पाहा. एवढ्यावर शिक्षकाचं काम संपलं, असं बऱ्याच शाळांत आणि क्लासांत धरलं जातं. मला हे अजिबात मान्य नाही. ताडून पाहणं हेच या सगळ्यातलं अवघड काम आहे आणि ते आपण नेमकं ज्याला जमणार नाही त्याच्या गळ्यात टाकतो. मुद्दा ठाऊक नव्हता म्हणून तो सुटला. मग तो सुटलाय हे त्या मुलाला आदर्श उत्तर वाचून तरी कसं कळणार? त्याला दोन्ही उत्तरं सारखीच दिसतात, आणि सरांनी उगाच मार्क कापले असं वाटत राहतं.

उदाहरण घेऊनच बोलू. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १, उष्णतेचा धडा. थंड प्रदेशात जलचर आणि जलीय वनस्पती जिवंत राहण्यात पाण्याच्या असंगत आचरणाची भूमिका स्पष्ट करा. तीन गुणांना विचारला, असं धरू. एक मुलगा लिहितो:

‘थंड प्रदेशात हिवाळ्यात तलावाच्या पृष्ठभागावर बर्फ तयार होतो. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तो तरंगतो. पाणी ४ अंशाला प्रसरण पावते, यालाच पाण्याचे असंगत आचरण म्हणतात. बर्फाच्या खाली पाणी असते. त्यामुळे मासे व वनस्पती जिवंत राहतात.’

अक्षर चांगलं, वाक्यं सरळ. तीनपैकी एक गुण. समासात शेरा: ‘स्पष्टीकरण अपुरे’. या शेऱ्याचं मुलानं करायचं काय? अपुरं आहे हे त्याला मार्कांवरूनच कळलं होतं.

आता पीडीएफमधलं आदर्श उत्तर घ्या. ते सलग परिच्छेदात असतं, आणि परिच्छेदाशी परिच्छेद ताडता येत नाही. आधी त्याचे तुकडे पाडावे लागतात, तेही मुलाचं उत्तर वाचायच्या आत. नाहीतर समोरच्या उत्तराकडे बघून तुकडे सोयीनं पडतात. इथे तीन गुणांचे अर्ध्या-अर्ध्या गुणाचे सहा मुद्दे निघतात. थंड होताना पाणी ४ अंशांपर्यंत आकुंचन पावतं आणि त्याखाली शून्यापर्यंत प्रसरण पावतं. म्हणून ४ अंशाला त्याची घनता सर्वांत जास्त असते. हवा गार झाली की पृष्ठभागावरचं पाणी थंड आणि जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, आणि सगळं पाणी ४ अंशाला येईपर्यंत हे चालू राहतं. त्यानंतर आणखी थंड झालेलं वरचं पाणी हलकं होतं, वरच राहतं आणि शून्याला तिथेच गोठतं. बर्फ उष्णतेचा दुर्वाहक असल्यानं खालच्या पाण्यातली उष्णता सहज बाहेर जात नाही. म्हणून तळाशी ४ अंशांचं पाणी उरतं आणि सजीव तगतात.

हे सहा मुद्दे कागदावर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर मुलाचं त्या मुद्द्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवा. वाक्य सापडलं नाही तर जागा कोरी ठेवा. मी या पायरीवर अडून बसतो. कारण वाक्य उतरवायचं ठरवलं की ‘याला म्हणायचं होतं ते मला कळलं’ ही पळवाट बंद होते, आणि ‘याला काही येत नाही’ हीसुद्धा.

पहिल्या मुद्द्यासमोर त्याचं वाक्य येतं: ‘पाणी ४ अंशाला प्रसरण पावते’. मुद्दा सुटलेला नाही, चुकलेला आहे. ४ अंशाला पाण्याचं आकारमान सर्वांत कमी असतं; प्रसरण सुरू होतं ते तिथून खाली, आणखी थंड होताना. सुटलेला आणि चुकलेला हे दोन मुद्दे एकाच यादीत घालू नयेत. सुटलेल्या मुद्द्याला वाक्य जोडायचं असतं. चुकलेल्याला आधी डोक्यातलं जुनं वाक्य काढावं लागतं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या मुद्द्यांसमोर जागा कोरी. सहाव्यासमोर ‘बर्फाच्या खाली पाणी असते’ आणि त्याला जोडून सजीवांचं वाक्य. तपमान नाही, पण परिणाम सांगितला आहे. अर्धवट.

गमतीचा मुद्दा चौथा. त्याच्यासमोर ‘बर्फ हलका असल्यामुळे तरंगतो’ हे वाक्य अगदी बसतंय असं वाटतं. शब्द तेच: हलकं, वर, बर्फ. घाईत तपासणारा इथे बरोबरची खूण करून पुढे जातो. पण ही दोन वेगळी कारणं आहेत. बर्फाची घनता पाण्यापेक्षा बरीच कमी, एका घन सेंटिमीटरला सुमारे ०.९२ ग्रॅम, तो कसाही तरंगणारच. मुद्दा आहे तो बर्फ होण्याच्या आधीच्या पाण्याचा. समजा, पाणी शून्यापर्यंत नुसतं आकसत गेलं असतं. तरी झालेला बर्फ तरंगलाच असता. पण तो होण्याआधी गार पाणी खाली जात राहून आख्खा तलाव तळापर्यंत शून्याला आला असता, आणि माशांना ४ अंशांचा आसरा उरला नसता. असंगत आचरणाची भूमिका ती हीच. ४ अंशांचं आणि शून्याचं पाणी यांत फरक किती? हजार लिटरमागे सुमारे १३० ग्रॅम. एवढ्याशा फरकावर गार पाणी वर थांबतं. मुलानं पृष्ठभाग गोठतो हे सांगितलं म्हणून पाव भाग द्यायचा तर द्या, पण यादीत हा मुद्दा ‘कारण नाही’ असाच लिहा.

आता यादी पाहा. एक चूक, तीन कोरे, दोन अर्धवट. अशीच ती मुलाच्या हातात दिली तर त्याला सहा ठिकाणी सहा गोष्टी पाठ कराव्याशा वाटतील. खरं तर पहिले चार मुद्दे एकाच ठिकाणी अडले आहेत: तपमान बदललं की घनता बदलते आणि घनता बदलली की पाणी वर किंवा खाली जातं, ही साखळी त्याच्या डोक्यात नाही. दुर्वाहकाचा मुद्दा मात्र स्वतंत्र आहे. तो फक्त विसरला असण्याची शक्यता जास्त. म्हणजे गुण सहा ठिकाणी कापले जातात, पण शिकवायचं दोनच ठिकाणी असतं. यादी करणाऱ्यानं हे दोन गट पाडले नाहीत तर यादी नुसती मार्कांची पावती होते.

यादीतली वाक्यं कशी असावीत, याबद्दलही माझं मत ठाम आहे. ‘घनतेचा उल्लेख नाही’ असं लिहू नका. मुलगा पुढच्या वेळी कुठेतरी ‘घनता’ हा शब्द घुसवेल आणि मुद्दा तिथेच राहील. आदर्श उत्तरातलं वाक्यही उतरवून देऊ नका. ते पाठ होतं. काय सांगायचं राहिलं ते लिहा आणि त्याखाली एक प्रश्न ठेवा. ‘४ अंशांच्या खाली गेलेलं पाणी वर का राहतं, हे सांगितलेलं नाही. ते खाली गेलं असतं तर तळाशी काय झालं असतं?’ ‘बर्फाखालच्या पाण्याची उष्णता बाहेर का जात नाही?’ या दोन ओळी घेऊन मुलगा तेच उत्तर पुन्हा लिहू शकतो. ‘स्पष्टीकरण अपुरे’ घेऊन लिहू शकत नाही.

याच्या उलटा अन्याय दुसऱ्या मुलीवर होतो. ती लिहिते: ‘गार झालेलं पाणी जड होऊन तळाला जातं. सगळं पाणी चार अंश झालं की हे थांबतं, कारण त्याहून गार पाणी परत हलकं होतं आणि वरच राहून गोठतं. बर्फातून ऊब बाहेर जात नाही, म्हणून खाली चार अंशाचं पाणी राहतं आणि मासे जगतात.’ यात घनता नाही, दुर्वाहक नाही, असंगत हा शब्दही नाही. आदर्श उत्तरातल्या शब्दांवर बोट ठेवून ताडणारा तिला दीड गुणावर आणून ठेवेल. पण सहा मुद्दे समोर ठेवून वाक्यं उतरवली तर एकही जागा कोरी राहत नाही. पहिला मुद्दासुद्धा ‘जड होतं’ आणि ‘परत हलकं होतं’ यांत आलेला आहे. फक्त आकुंचन-प्रसरण उघड सांगितलेलं नाही. मी तिला अडीच देईन आणि शेजारी लिहीन: जडऐवजी ‘घनता जास्त’ म्हण, कारण आकारमान तेवढंच धरून आपण बोलतोय. प्रश्न व्याख्येचा असता तर पारिभाषिक शब्दाचा आग्रह रास्त होता. इथे ‘स्पष्ट करा’ म्हटलंय, आणि तिनं स्पष्ट केलंय.

हे माझ्या मनाचं औदार्य नाही. सीबीएसई दरवर्षी आपल्या गुणदान योजना प्रसिद्ध करते. त्यांतल्या परीक्षकांसाठीच्या सूचनांमध्ये सांगितलेलं असतं की दिलेले मुद्दे केवळ सुचवलेले आहेत, ते म्हणजे संपूर्ण उत्तर नव्हे, विद्यार्थ्याची मांडणी स्वतःची असू शकते आणि ती बरोबर असेल तर गुण द्यावेत. मुलांना वाटल्या जाणाऱ्या पीडीएफमधून नेमकं हे पान गाळलेलं मी पाहिलं आहे. मुलांपर्यंत पोचतं ते फक्त उत्तर, आणि मग ते शब्दशः हेच हवं असा समज पक्का होतो.

एक गोष्ट तपासणाऱ्यानं स्वतःसाठी करावी. आदर्श उत्तरही पुस्तकाशी ताडून घ्यावं. ते माणसानंच टाइप केलेलं असतं, आणि ‘४ ते ० अंश’ लिहिताना आकुंचन-प्रसरणाची अदलाबदल व्हायला एक शब्द पुरतो. एकाच मुद्द्यावर वर्गातली हुशार मुलंही धडाधड पडू लागली तर आधी पीडीएफ उघडा.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात आहे. आपल्या राज्य मंडळाकडूनही निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. पण समासात नुसता ‘१’ असलेला कागद हातात पडून मुलाला काय कळतं? बोर्डाच्या परीक्षकासमोर गठ्ठे असतात, दिवस ठरलेले असतात. प्रत्येक उत्तराखाली यादी करायला त्याला सांगणं चूक ठरेल. शाळेतल्या पूर्वपरीक्षेला हे कारण चालत नाही. ती परीक्षा मुळात सुटलेले मुद्दे सापडावेत म्हणूनच घेतली जाते.

सगळ्या प्रश्नांचं करा असं मी म्हणत नाही. शिक्षकांनो, तीन आणि पाच गुणांचे दोन प्रश्न निवडा. पीडीएफ टाकण्याआधी त्या दोन उत्तरांचे मुद्दे पाडा, प्रत्येकासमोर गुण लिहा, सूचनांचं पान जोडा आणि मगच ती गटावर टाका. आणि पालकांनो, पुढच्या पालकसभेत किती मार्क पडले हे विचारू नका. ते गुणपत्रिकेत आहे. कोणता मुद्दा सुटला, ते विचारा.