तक्त्यातून एकक गाळणाऱ्या महोदयांस खुले पत्र

सन्माननीय तक्ताकार महोदय यांस,



आपण मोठ्या कष्टाने तयार केलेला दोन आयटी कंपन्यांच्या तुलनेचा तक्ता हाती आला. २०२३-२४ या वर्षाचे उत्पन्न, ठळक अक्षरांत: इन्फोसिसपुढे १५३,६७० आणि विप्रोपुढे ८९७,६०३. त्याखाली आपला निष्कर्ष, की विप्रो ही इन्फोसिसच्या जवळजवळ सहापट मोठी कंपनी आहे. इतकी वर्षे सारा शेअर बाजार उलटेच समजून चालला होता. आपण एका भागाकारात त्याचे डोळे उघडलेत. हे ऋण कसे फेडायचे?

दोन्ही कंपन्यांनी आपापल्या वित्तीय पत्रकांत, तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात, कंसात एक ओळ छापली होती. इन्फोसिसची ओळ सांगते, आकडे कोटी रुपयांत आहेत. विप्रोची ओळ सांगते, आकडे दशलक्ष रुपयांत, म्हणजे मिलियनमध्ये आहेत. आमच्या डोळ्यांना एवढे बारीक अक्षर वाचण्याचा त्रास नको म्हणून आकडे उतरवताना आपण दोन्ही ओळी गाळल्या. किती ही काळजी!

आता आम्ही मंद बुद्धीची माणसे काय करतो ते सांगतो. एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष. म्हणून विप्रोच्या आकड्याला आधी दहाने भागतो आणि ८९,७६० कोटी रुपये असे लिहून घेतो. मग शेजारी इन्फोसिसचे १,५३,६७० कोटी मांडतो. आता दोन्ही आकडे एका मापात आले, तेव्हा कुठे भागाकार करतो. उत्तर येते १.७. म्हणजे इन्फोसिस मोठी, आणि तीही सुमारे १.७ पट. आपल्या उत्तरात मोठी कंपनी लहान झाली आणि लहान मोठी. दहाच्या एका गुणकाने एवढी उलथापालथ करणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

आपण म्हणाल, दोघांनी एकच एकक वापरायला काय झाले होते? महोदय, कायद्यानेच ती मोकळीक दिलेली आहे. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टानुसार ज्या कंपनीचे एकूण उत्पन्न १०० कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिला आकडे लाखांत, दशलक्षांत किंवा कोटींत, हव्या त्या एककात पूर्णांकित करून द्यावे लागतात. अट एवढीच, की एकदा निवडलेले एकक त्या कंपनीच्या सगळ्या वित्तीय पत्रकांत सारखे राहिले पाहिजे. म्हणजे एका कंपनीच्या पत्रकात मेळ राहील याची हमी कायदा देतो. दोन कंपन्यांची पत्रके शेजारी ठेवल्यावर मेळ घालायचा तो तक्ता करणाऱ्याने. ही जबाबदारी आपल्यावर येते हे आपल्याला कोणी कळवले नसावे. म्हणून हे पत्र.

स्वल्पविरामांसाठीही आपले आभार. आपण सगळीकडे तीन-तीन अंकांचे पाश्चात्य गट पाडलेत. काही वाचक त्यावरून समजले, की सगळेच आकडे मिलियनमध्ये असणार. पण १५३,६७० लिहिले काय आणि १,५३,६७० लिहिले काय, त्यावरून संख्या कशी वाचायची एवढेच कळते. ती कशाची संख्या आहे ते कळत नाही. आणि ९९,९९९ पर्यंत तर दोन्ही पद्धतींत स्वल्पविराम एकाच जागी पडतो, तिथे तेवढाही पत्ता लागत नाही.

आपली एक्सेल फाइलही उघडून पाहिली. खर्चाच्या एका रकान्याला आपण हे रूप दिले आहे:

```
0.00,,
```

शेवटच्या दोन स्वल्पविरामांमुळे रक्कम दहा लाखांनी भागून दिसते. रकान्यात ४.५० दिसते, पण वरच्या सूत्रपट्टीत पाहिले तर आत ४५ लाख, म्हणजे `4500000` बसलेले असतात. सूत्र चालते ते आतल्या संख्येवर, दिसणाऱ्या नव्हे. शेजारच्या रकान्यात आपण ४.५० हाताने टाइप केले आणि दोन्हींची बेरीज घेतलीत. पडद्यावर दोन सारखे आकडे आणि खाली त्यांची न जुळणारी बेरीज, असा देखावा उभा करणाऱ्या कलावंताला आमचा दंडवत.

सर्वांत मोठे उपकार मात्र डॉलरच्या रकान्याचे. तिथे आपण इन्फोसिसपुढे १८.६ आणि विप्रोपुढे १०.८ लिहिले आहे, अर्थात अब्ज डॉलर हे शब्द वगळून. म्हणजे रुपयांत विप्रो सहापट मोठी आणि चार बोटे सरकून डॉलरमध्ये इन्फोसिस मोठी! तिथेच थांबून एक गुणाकार केला असता, तर चूक स्वतःहून पुढे आली असती. त्या वर्षी डॉलर साधारण ८३ रुपयांना होता. १०.८ अब्ज डॉलर म्हणजे सुमारे ८९६ अब्ज रुपये, आणि एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, म्हणून ८९,६०० कोटींच्या आसपास. दशलक्षांच्या आकड्याला दहाने भागून मिळाले होते जवळपास तेवढेच.

डॉलरचा आकडा नसेल तेव्हाची सोयही सांगून ठेवतो. नफा-तोटा पत्रकात बाकी सगळे लाखांत असो की दशलक्षांत, प्रतिसमभाग मिळकत नेहमी साध्या रुपयांत दिलेली असते. विप्रोचा त्या वर्षीचा नफा ११०.५ अब्ज रुपये होता आणि दर समभागामागे मिळकत सुमारे २०.९ रुपये. नफ्याला मिळकतीने भागले, की समभागांची संख्या निघते. ११०.५ अब्ज म्हणजे ११,०५० कोटी धरले, तर ती सुमारे ५२९ कोटी येते आणि कंपनीच्या त्या वेळच्या खऱ्या संख्येच्या जवळ बसते. आपल्या रीतीने पत्रकातले सुमारे १,१०,५०० दशलक्ष हे कोटी समजून भागले, तर ५,२८७ कोटी समभाग निघतात. दहापट समभाग आले कुठून, एवढा प्रश्न पडला, तरी एकक चुकल्याचे कळते. हा ताळा सगळ्या चुका पकडत नाही. नफा-मिळकत दोन्ही वेगवेगळ्या वर्षांचे उचलले, तर तोही फसवील. पण दहाची आणि शंभराची चूक त्याच्या हातून सुटणे कठीण.

महोदय, हे तक्ते वाचणारे सगळेच मूळ अहवाल उघडत नाहीत. निवृत्तीच्या पैशांतून चार समभाग घेणारी माणसे आपल्या ठळक अक्षरांवर विश्वास ठेवतात. त्यांच्यासाठी तरी प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर ‘कोटी रुपये’ किंवा ‘दशलक्ष रुपये’ एवढे लिहावे, आणि रूपांतर करायचे असेल तर ते तुलनेच्या आधी करावे, ही हात जोडून विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक

ता. क. तक्त्याच्या तळाशी आपण एका छोट्या कंपनीचे कर्ज १,४२५ असे दाखवले आहे. लाखांत असेल तर ते सव्वाचौदा कोटी, दशलक्षांत असेल तर एकशे साडेबेचाळीस कोटी आणि कोटींत असेल तर १,४२५ कोटी होते. तिन्हींतले कोणते, ते उलट टपाली कळवावे. तोवर त्या कंपनीच्या व्याजाचा हिशेब आम्ही सुरू केलेला नाही.